हेलियमचा आकडा कमी का आला?

फुफ्फुसात उरणारी हवा एकदा हेलियम मिसळून आणि एकदा बॉडी बॉक्समध्ये, म्हणजे रुग्णाला बसवायच्या हवाबंद पेटीत, मोजली आणि दोन आकडे जुळले नाहीत की लगेच मशीनला दोष देऊ नकोस. निपाणीकडचे, तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेले काका आले, तर असंच होणार. समज, यंत्रात 6 लिटर वायू, हेलियम 10 टक्के. साधा श्वास सोडल्यावर त्यांना जोडलं, मिसळून 6 टक्क्यांवर स्थिरावलं. म्हणजे एकूण 10 लिटर, त्यातले छातीत 4. जोर लावून आणखी 1 लिटर सुटतो, म्हणून अवशिष्ट, म्हणजे पूर्ण श्वास सोडूनही उरणारी हवा, 3.

बॉडी बॉक्स मात्र अवशिष्ट 4.2 दाखवतो. कारण अशा छातीत अरुंद श्वासनलिकांमागे अडकलेल्या हवेपर्यंत हेलियम पोचतच नाही. नायट्रोजन वॉशआउटचंही तेच: शुद्ध ऑक्सिजनने धुऊन निघालेला नायट्रोजन मोजायचा, पण कोंडलेला निघणार कसा? बॉक्समध्ये बंद झडपेवर श्वास घेताना दाब-आकारमान बदलतं, बॉइलच्या नियमाने कोंडलेली हवाही मोजली जाते.

हेलियम स्थिरावतच नसेल, तर आधी ओठांजवळची गळती बघ. गळतीने आकडा उलट फुगतो.