नाव कामाला लागलं की पडतं

प्रश्न: शेतकरी लोक बैलांना, गायी-म्हशींना नावं कशी ठेवतात? नुसती लाडाची असतात का काही अर्थ असतो त्यांना?

लाड असतोच हो, पण आमच्याकडं (उदगीरकडचे आम्ही) नाव लाडाच्या आधी कामाचं असतं. आमच्या घरात सगळ्याच जनावरांना नाव नसायचं. कालवड असो की म्हशीची वगार, ती आईच्या नावानं ओळखली जायची, कपिलेची कालवड, चंद्रीची वगार, बस. पहिल्यांदा व्यायली, धार काढायला बसू दिलं, की मग आजी तिला स्वतःचं नाव द्यायची. गोऱ्ह्याचंही तसंच, वेसण घातली आणि जू खांद्यावर घ्यायला शिकला की नाव. आणि म्हशीच्या हल्याला तर आमच्याकडं कधीच नाव पडलं नाही, कारण तो घरात राहणारच नसायचा, थोडा मोठा झाला की बाजार. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं. ज्याला ठेवायचं नाही त्याला हाक मारायची सवय लावून घ्यायची नाही, असं आजीचं होतं.

नावं बहुतेक अंगावरूनच येतात. कपाळावर पांढरा चांद असला की चंद्री, भुरकट असली की भुरी. ढवळ्या म्हणजे पांढरा, पवळ्या म्हणजे पोवळ्यासारखा तांबूस. आमच्या भागात देवणी जनावरं जास्त, त्यात रंगावरून तीन प्रकार मानतात, पूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढरं अंग आणि काळं तोंड तो वानेरा, आणि अंगभर काळे ठिपके तो शेवरा. त्यामुळं दर दोन घरांआड एक वानऱ्या सापडायचा. देवाची आणि नदीची नावं मात्र मी गायींनाच जास्त ऐकली, गंगा, गोदा, लक्ष्मी. म्हैस घरात दुधाचा पैसा आणायची तरी तिचं नाव रंगावर नाहीतर शिंगावर. हे मला खटकतं, आंबोण तर दोघींना एकाच टोपल्यातलं.

आता बैलाचं नाव किती महत्त्वाचं असतं त्याचा आमच्याच घरचा किस्सा सांगतो. आमचा घरचा बैल बालंक्या होता म्हणून नाव बाळ्या. त्याचा जोडीदार गेला तेव्हा आजोबांनी हाळी हंडरगुळीच्या बाजारातून दुसरा आणला, मधल्या दलालानं त्याचं जुनं नाव काय ते सांगितलंच नाही, म्हणून सगळे त्याला हाळीचा म्हणून हाळ्या म्हणायला लागले. पेरणी आली, तिफण जुंपली, नवा बैल मागं राहायला लागला, आजोबा ओरडले हाळ्या, आणि झालं काय की बाळ्याला वाटलं आपल्यालाच हाक मारली, तो आणखी जोरात ओढायला लागला. आता एक पुढं अन एक मागं झाला की जू तिरकं होतं, आणि तिफण मागं राहिलेल्या बैलाच्या अंगाला वळते, तास वाकडं पडतं. त्या दिवशी ते फार मोठं वाटत नाही, पण पुढं पंधरा-वीस दिवसांनी कोळपं घातलं तेव्हा कळलं, जिथं तास वाकडं तिथं कोळप्याच्या पासेखाली सोयाबीनची रोपं कापून निघाली. दोन ओळींमधलं अंतर एकसारखं नसलं की कोळप्याला वाट कुठून मिळणार.

आजोबांनी नाव बदललं, मोती ठेवलं. म्हणाले, जोडीतल्या एकाचं नाव दुसऱ्याच्या कानाला लागू नये. नवीन नाव रानात शिकवलं नाही, दावणीला शिकवलं, सरकीची पेंड पुढ्यात ठेवायच्या आधी मोती म्हणायचं आणि थांबायचं. मान नंतर वळते, कान आधी वळतो, तो कान बघायचा. तीनेक आठवड्यांत मोतीचा कान वळायला लागला आणि बाळ्या निवांत चघळत राहायचा, तेव्हा आजोबांनी त्यांना परत औताला धरलं. आधी नुसता कुळव, पेरणी नाही.

आता आमच्या जर्सीच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला आहे, डॉक्टर आले की तो बघून लिहितात, पण धारेच्या वेळी आई गोदा म्हणते तेव्हाच ती मागचा पाय सरकवून नीट उभी राहते.

मोतीला शेवटी विकावं लागलं, बहिणीच्या लग्नाच्या वर्षी. आजोबांनी घेणाऱ्याला पैसे मोजायच्या आधी नाव सांगितलं, मग त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, आणि तो माणूस मोती म्हणाला तेव्हा बैलाचा कान वळला का ते बघूनच कासरा हातात दिला.