सॉफ्टमॅक्स दोनदा लागला तर चूक आहे का?

«माझ्या मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स आहे आणि लॉस `nn.CrossEntropyLoss`, जो आतून परत सॉफ्टमॅक्स लावतो. ट्रेनिंग चालतंय, अॅक्युरसीपण येतेय. मग ही खरंच चूक आहे का?»

हो, चूकच आहे. आणि "चालतंय ना" हेच वाक्य ऐकून मी एका प्रोजेक्टवर दीड महिना घालवलाय, म्हणून लिहितोय.

इंदूरलाच एका छोट्या कंपनीत होतो तेव्हा. मंडीतल्या सोयाबीनच्या दाण्यांचे फोटो, पाच क्लास: चांगला, तुटका, बुरशीचा, हिरवा, माती-कचरा. कोड माझ्या आधीचा होता. लॉस 1.6 पासून सुरू व्हायचा आणि 0.97 वर येऊन जो बसायचा तो हलायचाच नाही. लर्निंग रेट बदलला, नेटवर्क मोठं केलं, डेटा वाढवला, तरी तेच. आमच्या सीनियरना शेवटचा सॉफ्टमॅक्स दाखवला तर म्हणाले, "चल रहा है ना भिया, छेड़ो मत. सॉफ्टमॅक्सवर सॉफ्टमॅक्स लावला तरी क्रम बदलत नाही, 93 टक्के येतायत."

क्रम बदलत नाही हे खरंय, आणि त्यामुळेच ही चूक अॅक्युरसीत दिसत नाही. पण मी त्या रात्री कागदावर मांडून बघितलं. पहिल्या सॉफ्टमॅक्समधून सगळं 0 ते 1 मध्येच येतं. म्हणजे मॉडेल अगदी शंभर टक्के बरोबर असलं, योग्य क्लासला 1 आणि बाकी चारांना 0 दिलं, तरी दुसरा सॉफ्टमॅक्स त्याचे करतो e/(e+4), म्हणजे 0.405, आणि त्याचा लॉस 0.905. याच्या खाली जायला जागाच नाही! पूर्ण खात्रीने चुकलं तर 1.905, बरोबर 1 ने जास्त. म्हणजे मॉडेल सगळीकडे खात्रीने बोलायला लागलं की लॉस म्हणजे 0.905 अधिक चुकांचं प्रमाण, बस. आमचा 0.97 होता, चुका सात टक्के. जुळलं. तुमचे दहा क्लास असतील तर तळ 1.461 येईल, तुमचा लॉस त्याच्या आसपास अडकलाय का ते आधी बघा.

याहून वाईट म्हणजे ग्रेडियंट. समजा बुरशीच्या दाण्याला मॉडेल 0.99 ने "चांगला" म्हणतंय आणि उरलेलं बाकी चारांत सारखं वाटलंय. एकच सॉफ्टमॅक्स असेल तर बुरशीच्या लॉजिटला जवळजवळ 1 एवढा धक्का बसतो. दोन असतील तर 0.003. जिथे मॉडेल सगळ्यात जास्त चुकतंय तिथेच ते शिकायचं थांबतं, आणि आमचे बुरशीचे दाणे नेमके तसेच सुटत होते.

आणि खात्रीचे आकडे फुगतात ते वेगळंच. दोन क्लासचं सोपं उदाहरण घ्या: खरी शक्यता 70 टक्के असेल तर असा लॉस मॉडेलला 92 म्हणायला लावतो, आणि खरी शक्यता 73 च्या वर गेली की सरळ 100 कडे ढकलतो. आमचा नियम होता की 0.8 च्या खालचे दाणे माणसाने बघायचे, तर माणसाकडे काही येतच नव्हतं. सीनियर याला "मॉडेल कॉन्फिडंट आहे" म्हणायचे.

दुरुस्ती एवढीच:

```python
# forward च्या शेवटी
return self.fc(x)

# फक्त निकाल दाखवताना
probs = torch.softmax(model(x), dim=1)
```

अॅक्युरसी 93 ची 95 झाली. सीनियर म्हणाले, दोन टक्क्यांसाठी एवढं? पण त्या दोन टक्क्यांत बहुतेक बुरशीचे दाणे होते, आणि संशयाचे दाणे पहिल्यांदा 0.5-0.6 दाखवत माणसाकडे जायला लागले. मी आजही म्हणतो की त्या मीटिंगमध्ये माझंच बरोबर होतं.

हां, हे सगळं पायटॉर्चबद्दल. केरासमध्ये `from_logits=False` हा डिफॉल्ट आहे, तिथे मॉडेलमध्ये सॉफ्टमॅक्स हवाच. आणि पायटॉर्चमध्ये शेवटी `LogSoftmax` असेल तर घाबरू नका, तो दोनदा लावला तरी उत्तर तेच येतं, फुकटचं काम फक्त.

अजून एक, ट्रेन झालेल्या मॉडेलमधून नुसती ओळ काढून टाकली म्हणजे झालं असं नाही, फुगलेली खात्री वेट्समध्येच बसलेली असते. सॉफ्टमॅक्सला स्वतःचे वेट्स नसतात त्यामुळे जुनी फाइल तशीच लोड होते, तिथूनच पुढे ट्रेन करा. सुरुवातीला लॉस वर उडालेला दिसू शकतो, कारण खात्रीने केलेल्या चुकांची खरी किंमत आता मोजली जातेय. आमचा तर पहिल्या इपॉकला उडाला होता, नंतर 0.2 च्या खाली गेला.