आई-बाबांची पासबुकं: सही कोणाची, पैसा कोणाचा?

बाबा ७८ वर्षांचे, दारव्हा तालुक्यात आईसोबत राहतात. मी पुण्याला, धाकटा भाऊ यवतमाळला. बाबांच्या खात्यावर आणि एफडीवर माझं नाव चढवायचं म्हटलं, तर भाऊ म्हणतो, "दादाला सगळं आपल्या नावावर करायचंय." काय करू?

नाव कोणाचं चढवायचं, हे नंतर पाहू. आधी फॉर्मवर 'खाते चालविण्याची पद्धत' अशी जी ओळ असते, ती वाचा. बहुतेक घरांत घोळ तिथेच होतो. तिथे नुसतं 'संयुक्त' लिहिलं की प्रत्येक वेळी दोघांच्याही सह्या लागतात. मग बाबा दवाखान्यात भरती झाले की खातं अडकलंच. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतो आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला मिळतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'मध्ये पहिला हयात असेपर्यंत खातं त्याचंच चालतं, दुसऱ्याचा हात नंतर लागतो.

माझा सल्ला असा, की रोजच्या खर्चाच्या बचत खात्यावर भावाचं नाव लावा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने. रात्री-बेरात्री गावी तोच आधी पोहोचणार आहे. त्या खात्यात औषधपाणी आणि घरखर्चाला पुरेल एवढीच रक्कम ठेवा. एसएमएस बाबांच्या मोबाइलवर येऊ द्या आणि दर महिन्याला खातेउतारा तुम्हीही पाहा. मोठ्या एफडींवर दुसरं नाव आईचं, 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. भावाची शंका मनाला लावून घेऊ नका. हा फॉर्म दोघं भाऊ बाबांसमोर बसूनच भरा.

एफडीचं एक कलम मात्र विसरू नका. मुदत संपायच्या आत एका खातेदाराचं निधन झालं, तर मागे राहिलेल्याला ठेव मोडता यावी, अशी दोघांच्या सहीची लेखी संमती बँकेकडे आधीच असावी लागते. ती नसली तर 'सर्व्हायव्हर' लिहिलेलं असूनही मुदतीपूर्वी पैसे काढताना बँक मृताच्या वारसांची संमती मागते. आणि दोघं हयात असताना मुदतीआधी मोडायची, तर दोघांच्याही सह्या लागतात. शाखेत जाऊन हे कलम पावतीला जोडून घ्या. जुन्या ठेवींनाही जोडता येतं.

आईला लकवा झाला. उजवा हात चालत नाही, पण तिला सगळं समजतं. बँकवाले म्हणतात मुखत्यारपत्र आणा. सासरे हल्ली फार विसरतात. त्यांचंही सोबतच करून घेऊ का? (वाशीम जिल्हा)

दोघांचं वेगवेगळं पाहावं लागेल. आईची सही होत नाही एवढ्यावरून मुखत्यारपत्राची सक्ती होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा चालतो. हाताचा नसेल तर पायाचाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी. बँकेत जाणं शक्य नसेल तर पैसे कोण नेणार, हे आईने सांगायचं आणि त्या व्यक्तीने सही द्यायची. रिझर्व्ह बँकेच्याच या सूचना आहेत. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तरीही दर महिन्याची ये-जा टाळायला मुखत्यारपत्र करायचं असेल तर करा, पण नेमकं करा. 'सर्व स्थावर-जंगम मालमत्तेबाबत' हे छापील वाक्य आईच्या कागदात येऊ देऊ नका. कोणती शाखा, कोणता खाते क्रमांक, काय करायचं (पैसे काढणं, ठेव नूतनीकरण) एवढंच लिहा. वावराचा विषय त्यात नको. मजकूर आईला वाचून दाखवल्याची नोंद कागदात असू द्या. नोटरी झाल्यावर तो बँकेत नोंदवून घ्या. नोंद होईपर्यंत शाखा तो मानणार नाही. आईच्या निधनासोबत हा अधिकार तिथेच संपतो. त्यानंतर मुखत्यार म्हणून सही करून पैसे काढणं बेकायदा आहे, मग ते अंत्यविधीसाठी का असेना.

सासऱ्यांच्या बाबतीत वेळ फार मोलाचा आहे. कशावर सही करतोय हे माणसाला त्या दिवशी कळलं पाहिजे, नाहीतर मुखत्यारपत्र मुळातच टिकत नाही. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करायचं, नेमकं त्याच दिवशी ते हाताशी राहत नाही. म्हणून त्यांना अजून समजतंय तोवर सासूबाईंचं किंवा तुमच्या यजमानांचं नाव खात्यांवर सहखातेदार म्हणून चढवा. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र फाइलला लावा. ही वेळ हुकली तर पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं, आणि ते खर्चाचं, वेळखाऊ काम आहे.

बाबांची पाच पासबुकं निघाली. त्यांनाही आठवत नाही कुठे काय आहे. यादी कशी करू? (खामगाव तालुका)

आधी पाचही पासबुकं छापून आणा आणि पेन्सिल घेऊन गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी वाचा. प्रत्येक खात्यात काय येतं आणि त्यातून काय जातं, एवढंच शोधायचं. समजा तुमच्याकडे असं निघालं: जिल्हा बँकेत पीककर्ज, एका राष्ट्रीयीकृत बँकेत पीएम किसानचे दोन-दोन हजारांचे हप्ते, दुसरीत फक्त व्याजाची नोंद, पोस्टात मासिक उत्पन्न योजना आणि गावच्या पतसंस्थेत ठेव.

दुसरं राष्ट्रीयीकृत बँकेचं खातं बंद करण्यासारखं दिसतं. पण थांबा. सरकारी अनुदान पासबुक पाहून येत नाही. आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं गेलं, त्यात येतं. सीसीआयला विकलेल्या कापसाचा चुकाराही आधार जोडलेल्या खात्यातच येतो. नवं खातं काढताना नकळत आधार तिकडे वळलं आणि हप्ता 'गायब' झाला, असं फार घरांत होतं. myAadhaar संकेतस्थळावर Bank Seeding Status पाहा, मगच बंद करा. मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये कपात दिसली तर ती बहुधा सुरक्षा विमा योजनेची असते. ७० वर्षांपर्यंत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण देणारा हा विमा आईच्या खात्यातून जात असेल तर ते खातं मोडू नका.

पतसंस्थेची ठेव मुदत संपली की काढून घ्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नाही.

मग एकाच कागदावर लिहा: शाखा, खात्याचे शेवटचे चार अंक, सहखातेदार, चालवण्याची पद्धत, नॉमिनी, पावती कुठल्या पेटीत आहे. खाली देणी लिहा. पीककर्ज, सोसायटीची बाकी, कोणाला जामीन राहिले असतील तर तेही. ही शेवटची ओळ बाबांना आवर्जून विचारा, कारण ती कुठल्याच पासबुकात सापडत नाही. एटीएमचा पिन कागदावर नको. एक प्रत आईकडे, एक तुमच्याकडे. मार्चमध्ये पीककर्ज नवंजुनं करायला बँकेत जालच, तेव्हाच कागदही दुरुस्त करा.

आईच्या ठेवीला नॉमिनी मीच आहे. मग नंतर ती रक्कम माझीच ना? बहिणींना काय सांगू?

तुमची एकट्याची नाही. नॉमिनीला बँक पैसे देते आणि मोकळी होते. पण तो पैसा तुमच्याकडे वारसांच्या वतीने येतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बहिणींचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. सहखातेदाराच्या बाबतीतही हा प्रश्न उठतो, नाव दुसरं असलं तरी पैसा आईचाच असेल तर. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. आईची तशी इच्छा असेल तर बहिणींची नावं आत्ताच घाला आणि पावतीवर नामनिर्देशन नोंदल्याचा शेरा उमटलाय का, ते काउंटरवरच पाहून घ्या.