पुस्तक मिटव, मग लिही

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. सहा महिन्यांपूर्वी वाचलेल्या पुस्तकात काय होतं असं कोणीतरी विचारलं आणि तुला "छान आहे, वाच" याच्यापुढे काही सांगता आलं नाही, आणि ते पण अर्धं पुस्तक हायलायटरने पिवळं केलेलं असताना. अगं, घोळ तिथेच आहे. ओळ रंगवली की वाटतं झाली पाठ, पण ती नुसती कागदावर पिवळी झालेली असते.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकांत फक्त वाचला, काहींनी एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर नुसतं वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर त्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे वाचून झाल्या झाल्या जे "आलं आलं" वाटतं ना, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

म्हणून मी काय करतो सांगतो. प्रकरण संपलं की पुस्तक मिटवतो आणि पाच-सहा ओळी लिहितो, माझ्या भाषेत. मग उघडून चुकलेलं दुरुस्त करतो. पुस्तक समोर ठेवून लिहिलं तर ती नक्कल होते, आणि नक्कल करताना डोकं चालतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे, तुझ्या सारांशात लेखकाचे शब्द जसेच्या तसे दिसले तर समज की डोकावून लिहिलंय.

उदाहरण देतो. 'प्लॅनिंग फॅलसी' म्हणजे आपण कामाला लागणारा वेळ नेहमी कमी का धरतो, यावर मी एक प्रकरण वाचलं. सारांश असा लिहिला: "अंदाज करताना आपण समोरच्या कामाच्या पायऱ्या मनात मोजतो आणि सगळं सुरळीत होणार असं धरतो, अडथळे मोजतच नाही. उपाय, अशीच कामं आधी खरोखर किती वेळात झाली ते बघून आकडा धरायचा." त्याच्यावर एक प्रश्न लिहिला: अंदाज सांगण्याआधी काय बघायचं आणि का? प्रकरणामागे दोन-तीनच प्रश्न ठेव, जास्त झाले की ढीग साचतो आणि महिन्याभरात सगळंच सुटतं (माझं सुटलं होतं, प्रश्नांची दोनशे कार्डं होती!).

मग उजळणी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, साधारण अकराव्या दिवशी आणि महिन्याने. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, अंतर वाढत गेलं पाहिजे आणि थोडं विसरायला झाल्यावर आठवायला लागलं पाहिजे, एवढंच. प्रश्न वाचायचा, उत्तर मोठ्याने बोलायचं नाहीतर लिहायचं, आणि त्यानंतरच सारांश बघायचा. आधी सारांश बघितलास तर "हो हो, माहितीये" वाटणार, पण ती नुसती ओळख असते, आठवण नव्हे. चौथ्या दिवशी मला उपाय आठवला, पण त्यामागचं कारण आठवेना. मग तो प्रश्न परत दुसऱ्या दिवसापासून सुरू केला.

आता वाचलेल्यातली एक गोष्ट आठवडाभर वापरून बघायची. "यापुढे अंदाज नीट करेन" असं ठरवलं तर काहीच होत नाही. मी ठरवलं की सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी एक काम निवडायचं, शेजारी अंदाज लिहायचा आणि संपल्यावर खरा वेळ लिहायचा. पहिल्याच दिवशी एका रिपोर्टला दोन तास धरले होते, साडेतीन लागले. पण खरी गंमत वेगळीच होती. पुस्तक म्हणतं आधीच्या कामांचा वेळ बघा, आणि माझ्याकडे तो कुठे लिहिलेलाच नव्हता, आणि आठवून सांगितलेला वेळ पण कमीच निघायचा! म्हणजे नोंदी असतील तरच हा उपाय चालतो. ही ओळ मी सारांशाखाली जोडली आणि आज त्या प्रकरणातलं मला सगळ्यात पक्कं हेच आठवतं. वापरताना जिथे अडलीस ते लिही, जमलं नाही तरी लिही.

आणि हे सगळं प्रत्येक पुस्तकाला करत बसू नकोस. ज्यातलं काहीतरी तुला खरंच वापरायचंय तेवढ्यालाच, बाकीची मजेत वाच आणि खुशाल विसर.

त्या पिवळ्या पुस्तकातलं तुला सगळ्यात आवडलेलं एक प्रकरण निवड. परत वाचायच्या आधी, आत्ता जे आठवतंय ते कागदावर लिहून मला पाठव, दोनच ओळी झाल्या तरी चालतील.

तुझा,
दादा