बाबा उशिरा पोहोचले तर बाळासाठी कोणता मंत्र?

प्रश्न : ताई, पहिल्या बाळंतपणासाठी मी इंदूरला माहेरी आले. मुलगी झाली. बाराव्या दिवशी आत्याने कानात नाव सांगून बारसं झालं, पण नवऱ्याला फ्रँकफर्टहून सुट्टी मिळाली नाही. तो पुढच्या आठवड्यात येतोय. त्याला बाळासाठी काही म्हणायचं आहे.

उत्तर : त्याच्यासाठी जणू मुद्दाम ठेवलेला मंत्र आहे. घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्र या प्राचीन ग्रंथात तो प्रवासाहून परतलेल्या बापानेच म्हणायचा आहे:

अङ्गादङ्गात् सम्भवसि हृदयादधि जायसे ।
आत्मा वै पुत्रनामासि स जीव शरदः शतम् ॥

"माझ्या अंगाअंगातून तू झालास, हृदयातून जन्मलास. पुत्र हे नाव असलेला तू माझाच आत्मा आहेस. शंभर शरद जग." शरद ऋतू वर्षाला एकदाच येतो, म्हणून शंभर शरद म्हणजे शंभर वर्षं.

बाळाचं पोट भरलेलं असेल अशा वेळी जावईबापूंनी हात धुवून तिचं डोकं दोन्ही तळव्यांत हलकेच धरावं, टाळूवर दाब येऊ देऊ नये. मंत्र म्हणावा आणि मग तिचं डोकं तीनदा हुंगावं. हुंगणं हाच विधी आहे, पापा नव्हे. (तान्ह्याच्या टाळूचा वास एकदा घेतलेल्याला ते का, हे सांगावं लागत नाही.) बहुतेकांची जीभ पहिल्याच शब्दावर अडखळते आणि "अंगदंगात" होतं. "अंगाद्‌ – अंगात्" असं तोडून दोन-चारदा म्हटलं की बसतं. "शरदः"चा विसर्ग गिळू नये.

आता तू न विचारलेलं, पण घरातलं कुणीतरी विचारेलच असं: मुलीला हा मंत्र चालतो का? त्याच सूत्रात मुलीसाठी 'आवृतैव कुमार्यै' म्हटलंय. म्हणजे कृती करा, मंत्र नको. गुरुजींनी हे दाखवलं तर ते खोटं सांगत नाहीत. पण यास्काचं निरुक्त, म्हणजे वेदांतल्या शब्दांचा अर्थ उलगडणारा प्राचीन ग्रंथ, आणखी जुन्या वादाची साक्ष देतं. मुलगा आणि मुलगी दोघेही सारखेच वारस, या मताला आधार म्हणून तिथे हाच श्लोक दिला आहे. मुली वारस नाहीत असं काहींचं मत आहे, हेही यास्क लगेच पुढे नोंदवतो. म्हणजे 'पुत्र' शब्दात मुलगी धरणारे तेव्हाही होते.

मी तर म्हणेन, खुशाल म्हणा. 'पुत्र' शब्द तसाच राहू द्या. हवं तर 'स जीव'चं 'सा जीव' करा, चरणाची आठ अक्षरं आठच राहतात. आईने जोडीने म्हटलं तरी माझी हरकत नाही. अंगाअंगातून हे शब्द तिच्या तोंडी जास्तच खरे आहेत.

बारसं मात्र पुन्हा करू नका. नाव आत्याने ठेवलंय, ते झालं.