शेंगेन रिफ्यूजल लेटरवर १० आणि १३ ला टिक: अपील की परत अर्ज?

प्रश्न: जर्मनीला बहिणीकडे जायचं होतं, ५ ते २४ मे. तिकीट, इन्शुरन्स, बहिणीचं निमंत्रण सगळं तेवढ्याच दिवसांचं होतं. ऑफिसचं रजेचं पत्र १६ मे पर्यंतचं होतं, पुढची रजा तिकडून वाढवून घेणार होतो. बँकेत पैसे पुरेसे आहेत. तरी व्हिसा नाकारला, लेटरवर १० आणि १३ नंबरला टिक आहे. सगळे म्हणतायत बॅलन्स वाढवून परत टाक, एजंट म्हणतो अपील कर. काय करू?

उत्तर:

बॅलन्सचं आधी डोक्यातून काढून टाका. पैशाचा रकाना ३ नंबरचा असतो आणि तुमच्या लेटरवर तो रिकामा आहे. लोक फक्त टिक केलेले रकाने वाचतात, पण रिकामे रकानेही तेवढंच सांगतात. सगळ्या शेंगेन देशांचा नकाराचा फॉर्म एकच असतो, कारणं छापलेली असतात आणि अधिकारी त्यातल्या लागू होतील त्यांवर खूण करतो. तुमच्याकडे २ रिकामा आहे, म्हणजे प्रवास कशासाठी आणि कसा त्याचे कागदच दिले नाहीत असं ते म्हणत नाहीयेत. १२ रिकामा आहे, म्हणजे कागद बनावट असतील किंवा त्यातला मजकूर खोटा असेल अशी शंका त्यांनी घेतलेली नाही, आणि हे तुमच्यासाठी खरंच चांगलं आहे.

आता १० चं म्हणणं असं, की प्रवासाचा हेतू आणि मुक्काम याबद्दल तुम्ही माहिती दिलीत पण ती भरवशाची वाटली नाही. २ आणि १० मध्ये लोक गल्लत करतात आणि इथेच पुढचा सगळा निर्णय चुकतो, कारण २ ला टिक असेल तर राहिलेला कागद जोडायचा असतो पण १० ला टिक असताना अजून दहा कागद जोडले तरी उपयोग होत नाही, जोपर्यंत आधीच्या कागदांत जे एकमेकांशी जुळत नाही ते सापडत नाही. तुमच्या बाबतीत ते तुम्हीच लिहिलंय. तिकीट २४ चं आणि रजा १६ ला संपते. अधिकाऱ्यासमोर तुम्ही नसता, फक्त फाईल असते, आणि रजा तिकडून वाढवणार हे फाईलमध्ये कुठेच नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की हा माणूस नोकरीवर हजर व्हायच्या तारखेनंतरही आठवडाभर तिकडेच राहणार आहे. मग मुक्कामाची माहिती भरवशाची नाही म्हणून १०, आणि नोकरी या माणसाला परत आणेल का ही शंका म्हणून १३. दोन टिक आहेत पण मला तरी दोन्हींचं मूळ एकच दिसतंय.

१३ बद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण हा रकाना लोकांना सगळ्यात जास्त लागतो मनाला, आपल्याला खोटारडं म्हटल्यासारखं वाटतं. त्यात लिहिलेलं असतं की व्हिसा संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. यात ‘वाजवी शंका’ एवढंच पुरेसं असतं. २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने कौशकाकी नावाच्या केसमध्ये हेच स्पष्ट केलंय, अर्जदार परत जाणार नाही अशी खात्री अधिकाऱ्याला व्हायची गरज नाही, वाजवी शंका असली तरी नकार देता येतो, मात्र ती अर्जदाराची स्वतःची परिस्थिती बघून ठरवायची, म्हणजे कुटुंब, कामधंदा, आधीचे व्हिसा नीट पाळले का वगैरे. म्हणून कव्हर लेटरमध्ये ‘मी नक्की परत येईन’ असं कितीही कळकळीने लिहिलं तरी १३ ला उत्तर मिळत नाही. बहिणीने तिकडच्या कार्यालयातून औपचारिक हमीपत्र काढून दिलं तरी ते खर्चाची हमी देतं, म्हणजे ३ नंबरला उत्तर, १३ ला नाही.

अपील की नवा अर्ज हे ठरवताना मी एकच गोष्ट बघतो. जे म्हणायचंय त्याचा पुरावा निर्णयाच्या दिवशी फाईलमध्ये होता का? होता आणि अधिकाऱ्याने बघितला नाही किंवा चुकीचा वाचला, तर अपीलमध्ये दम आहे. समजा तुमचं रजेचं पत्र २४ पर्यंतचं असतं, सबमिशनच्या चेकलिस्टवर त्याची नोंद असती आणि तरी लेटरवर ‘पूर्ण मुक्कामाच्या रजेचा पुरावा नाही’ असा शेरा असता, तर मी अपील करा म्हणालो असतो. पण तुमच्या फाईलमध्ये खरंच १६ तारीख आहे. अधिकाऱ्याने ती बरोबरच वाचली. त्याच्यावर अपील करून नेमकी कुठली चूक दाखवणार?

शिवाय अपील कसं चालतं हे देशागणिक बदलतं, नकार ज्या देशाने दिला त्याच्या कायद्याने ते होतं आणि मुदत लेटरवरच दिलेली असते. नेदरलँड्सला ४ आठवड्यांत हरकत नोंदवता येते, फ्रान्सला ३० दिवस असतात. जर्मनीत पूर्वी दूतावासालाच फेरविचाराचा अर्ज करता यायचा, फुकट, पण १ जुलै २०२५ पासून तो बंद झालाय. आता उरलं ते बर्लिनचं प्रशासकीय न्यायालय, एका महिन्याच्या आत, कामकाज जर्मन भाषेत, कोर्टाची फी वेगळी, आणि निकाल येईपर्यंत तुमच्या प्रवासाच्या तारखा केव्हाच निघून गेलेल्या असतील. तुमचा एजंट जुन्या पद्धतीच्या हिशोबाने तर बोलत नाहीये ना, ते विचारून बघा.

माझं स्पष्ट मत, नवा अर्ज करा. थांबायची सक्तीची मुदत नसते, आणि आधी नकार मिळाला म्हणून आपोआप परत नाकारायचं नाही असं व्हिसा कोडमध्येच लिहिलंय. ९० युरो फी मात्र परत भरावी लागेल, जुनी मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि निदान १५ दिवस आधी करता येतो, पण प्रोसेसिंगचे नेहमीचे १५ दिवस कधीकधी ४५ पर्यंत जातात म्हणून अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

नव्या अर्जात सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे नवीन रजेचं पत्र. जायच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत मंजूर रजा, कामावर हजर व्हायची तारीख, सही करणाऱ्याचं पद आणि फोन. ऑफिस तेवढी रजा देत नसेल तर ट्रिपच १२ दिवसांची करा आणि तिकीट, इन्शुरन्स, निमंत्रण सगळं त्याप्रमाणे बदला. घरी कोणी तुमच्यावर अवलंबून असेल किंवा आधी कुठल्या व्हिसावर जाऊन वेळेत परत आला असाल तर तेही जोडा. आणि एक पानाचं कव्हर लेटर लिहा ज्यात आधीच्या नकाराची तारीख, १० आणि १३ चा उल्लेख, आणि सरळ वाक्यात लिहा की तेव्हा रजेचं पत्र १६ पर्यंतचंच होतं आणि आता पूर्ण काळाचं जोडलंय. जुना अर्ज नव्हताच असं दाखवू नका. त्याची नोंद व्हीआयएस या सामाईक सिस्टममध्ये ५ वर्षांपर्यंत राहते, सगळ्या शेंगेन देशांना दिसते, आणि आत्ताची गोष्ट आधीपेक्षा वेगळी निघाली तर ११ किंवा १२ ला टिक यायला वेळ लागत नाही, मग मात्र खरंच अवघड होतं. दुसऱ्या देशाच्या दूतावासात टाका असा सल्लाही मिळेल, तो ऐकू नका, मुख्य मुक्काम जर्मनीत तर अर्ज जर्मनीकडेच करावा लागतो.

कोर्टाची एक महिन्याची मुदत लेटर मिळाल्या दिवसापासून चालू झालीय, त्यामुळे ती संपायच्या आत एक बघून सांगा. रकान्यांच्या खाली ‘अतिरिक्त शेरा’ अशी जागा असते, त्यात काही लिहिलंय का? जर्मनमध्ये असेल तर नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून तेवढ्या ओळी इथे टाका. तिथे रजेऐवजी दुसरंच काही, समजा बहिणीशी नातं सिद्ध होत नाही असं लिहिलेलं निघालं आणि तो कागद तुम्ही दिलेला असेल, तर मी वर दिलेला सल्ला बदलेल.