ई.क्यू. कमी आला, म्हणून मानसशास्त्र सोडायचं का?

*माझी मुलगी नववीत आहे. शाळेत भावनिक बुद्धिमत्तेचा तास असतो. वर्षाअखेरी चाचणी झाली आणि तिचा ई.क्यू. ‘सरासरीपेक्षा कमी’ आला. तिला मानसशास्त्र शिकायचंय, पण शाळा म्हणते, माणसांशी संबंध येणारं क्षेत्र नको. काय करावं? – एक आई, सातारा*

ताई, त्या अहवालावरून काहीही ठरवू नका. आधी शाळेत जाऊन चाचणीतले प्रश्न पाहून या.

‘समोरच्याच्या मनातलं मला चटकन कळतं’ अशी वाक्यं देऊन १ ते ५ पैकी एका आकड्यावर खूण करायला लावली असेल, तर मुलीला स्वतःबद्दल काय वाटतं एवढंच त्यातून कळतं. स्वतःला कडक तपासणारी मुलगी ३ वर खूण करते. मित्राला दुखावलं तरी ज्याला पत्ता लागत नाही, तो मुलगा बिनधास्त ५ वर करतो. आपल्याला किती कळतं याचा अंदाज यायलाही तीच समज लागते. या पद्धतीचा मूळ दोष तोच.

दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष प्रश्न सोडवावे लागतात. मेयर, सॅलोव्ही आणि करुसो या मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीत चेहऱ्याचा फोटो दाखवून विचारतात, यात राग किती, भीती किती? पण बरोबर उत्तर कोणतं? गणितासारखी उत्तरसूची इथे नाही. त्यामुळे बहुसंख्य लोकांनी दिलेलं किंवा तज्ज्ञांनी ठरवलेलं उत्तर बरोबर धरतात. मग इतरांच्या नजरेतून सुटलेली भावना जिला दिसली, तिचेच गुण जातात. याच चाचणीच्या आधीच्या आवृत्तीवर २००१ मध्ये रॉबर्ट्स, झाइडनर आणि मॅथ्यूज यांनी दाखवलं, की लोकमताने आणि तज्ज्ञांच्या मताने दिलेले गुण पुरेसे जुळत नाहीत.

२००३ मध्ये ब्रॅकेट आणि मेयर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकारच्या चाचण्या दिल्या. एक स्वतःबद्दलची आणि एक प्रश्न सोडवायची, अशा एका जोडीतला सहसंबंध जेमतेम ०.२१ निघाला; गुण पूर्ण जुळले असते तर तो १ आला असता. नाव एकच असलं तरी मोजलं जात होतं वेगवेगळं.

म्हणून तो तास वाया गेला असं मात्र समजू नका. ड्युरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ शालेय उपक्रमांचे निकाल एकत्र तपासले. मुलांचं वागणं सुधारलं होतं आणि अभ्यासातही फरक दिसला. पण तिथे पाहिलं होतं ते वागणं, सामाजिक कौशल्यं आणि गुण. एका मुलीच्या माथी एक आकडा मारला नव्हता. शिकवण्याचा उपयोग होतो याला आधार आहे. त्या आकड्यावरून नववीतल्या मुलीचं क्षेत्र ठरवायला नाही.

वर्गशिक्षिकांना एवढंच विचारा: गटात काम करताना भांडण झालं तर ती काय करते? कुणी रडत असेल तर तिच्या लक्षात येतं का? त्यांनी वर्षभर जे पाहिलंय, त्याला अहवालापेक्षा जास्त वजन द्या.

मानसशास्त्राच्या बी.ए.ला बारावीची कोणतीही शाखा चालते. अकरावीला कला शाखा घेतली, तर अनेक महाविद्यालयांत हा विषय तिथेच मिळतो. समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, हे समुपदेशनाच्या प्रशिक्षणात देखरेखीखाली शिकवलं जातं. ते आधीपासून येत असावं लागत नाही.